रुपयात बारा आणे: एका पुसट वाटणीपत्राचं प्रकरण

देवगडच्या बाजूला मी जुने कागद वाचून देतो. वकिलाच्या कार्यालयात लेखनिक म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे फेरफार, खरेदीखतं, वाटण्या यांची सवय आहे. पूर्वी लोक कागद घेऊन यायचे. आता फोटो येतो, तोही कुणी कुणाला पाठवलेला, त्याने पुढे ढकललेला. या एका प्रकरणात मी बरंचसं नीट केलं आणि एक चूक केली. ती चूक मला नंतरच्या कामात फार उपयोगी पडली, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

जून महिन्यात मुंबईहून एका मुलाचा फोन आला. त्याच्या आजोबांची आणि आजोबांच्या दोन भावांची वाटणी १९५३ साली झाली होती. मूळ कागद गावच्या घरी ट्रंकेत. गावातल्या चुलत भावाने रात्री ट्यूबलाइटखाली त्याचा फोटो काढला, मुंबईला पाठवला. मुलाने तो फोटो स्कॅन करायच्या अ‍ॅपमधून काढून काळापांढरा ‘साफ’ केला आणि मला पाठवला. प्रश्न एकच होता : “काका, आजोबांच्या वाट्याला किती गुंठे आलेत तेवढं सांगा. दिवाळीनंतर चिऱ्याचा गडगा घालायचाय, गवंड्याला आगाऊ पैसे द्यायचेत.”

मी त्याला म्हटलं, घरात किती म्हणतात ते मला आत्ता सांगू नकोस. ही माझी जुनी सवय आहे. एकदा कुणी “आमच्यात अकराच म्हणतात” असं कानावर घातलं, की पुसट आकड्यात अकराच दिसायला लागतात.

कागद फुलस्केप, टाकाने लिहिलेला, चार घड्यांचा. त्यात एकाच सर्व्हे नंबरच्या चार हिश्शांचा तक्ता. पहिला हिस्सा थोरल्याचा, दुसरा मधल्याचा, तिसरा धाकट्याचा म्हणजे या मुलाच्या आजोबांचा, चौथा सामाईक. रकाने चार : जमिनीचा प्रकार, क्षेत्र, आकार म्हणजे जमिनीवरचा सरकारी सारा, आणि शेरा. आडवी घडी नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवरून गेलेली. खालचा उजवा कोपरा कसरीने खाल्लेला.

पहिल्या ओळीत भरड, १४ गुंठे, आकार ७ आणे. चौथीत भरड, १६ गुंठे, आकार ८ आणे. या दोन ओळी स्वच्छ होत्या. खाली एकूण क्षेत्र एक एकर तीस गुंठे, आणि ते आकड्यात व अक्षरी दोन्ही होतं. आकाराची एकूण बेरीज कोपऱ्याबरोबर गेलेली.

दुसऱ्या ओळीत क्षेत्र २१ किंवा २९. आकार दहा आणे सहा पै किंवा चौदा आणे सहा पै, कारण मधला आकडा घडीत. तिसऱ्या ओळीत क्षेत्र ११ किंवा १९, आकार मात्र स्पष्ट : पाच आणे सहा पै. जमिनीच्या प्रकाराच्या जागी भोक, त्याच्या कडेला फक्त एक ‘र’ शिल्लक.

म्हणजे सगळा घोळ १ आणि ९ चा. या लिहिणाऱ्याच्या हातात दोन्ही आकड्यांची शेपटी सारखीच खाली वळते. ९ ला वरच्या गाठीजवळ डावीकडे एक बारीक आकडी जास्त आहे, तेवढाच फरक.

ती आकडी या फोटोत दिसू तरी शकते का, हे आधी ठरवायला हवं होतं. माणसं उलट करतात. फोटो बोटांनी ताणून मोठा करतात आणि डोळे बारीक करून ‘वाटतं काय’ ते बघतात. मी फोटोचे तपशील उघडले : १२०० × १६०० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो असा आक्रसून येतो. कागदाभोवती टेबलही आलं होतं, त्यामुळे कागदाच्या तेरा इंच उंचीला साधारण १३०० पिक्सेल आले. इंचाला शंभर, म्हणजे मिलिमीटरला चार. आकडा तीन मिलिमीटर उंच, त्याला बारा पिक्सेल. ती आकडी फार तर अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पिक्सेल. शिवाय जेपेग फोटो दाबताना आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत दाबला जातो आणि अशा एका चौकटीत हा निम्म्याहून जास्त आकडा मावतो. त्यावर ‘साफ’ करणाऱ्या अ‍ॅपने प्रत्येक करडा ठिपका एकतर काळा केला नाहीतर पांढरा. अशा ठिकाणी दोन पिक्सेलची आकडी उरली तर नशीब.

नुसत्या हिशेबावर न थांबता एक तपासणी केली, आणि ही कुणालाही करता येईल. कागदावर अशी जागा शोधायची जिथे काय लिहिलंय ते आपल्याला दुसऱ्या वाटेने पक्कं माहीत आहे आणि तिथेच तोच संशयाचा आकडा आहे. इथे ती जागा तारखेत होती. १९५३ मध्ये १ आणि ९ शेजारी शेजारी, त्याच हाताचे, त्याच शाईचे. मी पहिले दोन आकडे कापून वेगळे केले, मोठे केले आणि बायकोला दाखवले, तारीख आहे हे न सांगता. ती म्हणाली, “दोन्ही एक. अकरा.” मीही, माहीत नसतं तर, अकराच म्हटलं असतं. जिथे खात्रीचा ९ सुद्धा १ दिसतो, त्या फोटोत घडीवरचा आकडा १ ‘दिसतो’ याला काही किंमत नाही. माझा डोळा कितीही तयार असो, ती माहिती त्या फोटोत नव्हतीच.

मग राहिला हिशेब. एकूण एक एकर तीस, म्हणजे ७० गुंठे. त्यातून १४ आणि १६ वजा करून ४० उरतात, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचे मिळून. चार शक्यतांपैकी २१ आणि ११ ची बेरीज ३२, २९ आणि १९ ची ४८. दोन्ही बाद. उरल्या दोन जोड्या : २१ आणि १९, किंवा २९ आणि ११. दोन्हींची बेरीज बरोबर चाळीस! बेरजेने निम्मं काम केलं आणि नेमकं हवं तिथे हात वर केले. मात्र एक गोष्ट कळली. हे दोन संशय सुटे नव्हते, एकमेकांना बांधलेले होते. एक आकडा ठरला की दुसरा आपोआप ठरणार.

पुढचा धागा आकाराचा. पहिली आणि चौथी ओळ पाहिली तर गुंठ्याला अर्धा आणा पडतो. धाकट्याच्या ओळीत आकार पाच आणे सहा पै. बारा पैचा आणा, म्हणजे साडेपाच आणे. अर्ध्या आण्याने भागले तर बरोबर अकरा गुंठे. झालं की! असं मला क्षणभर वाटलं.

पण या भागाकाराखाली दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, जमीन तिथेही भरडच आहे. भोकाच्या कडेचा ‘र’ भरडमधला असेल, तसाच वरकसमधलाही असेल. आणि वरकस जमीन हलकी, तिला आकार कमी, म्हणजे त्याच साडेपाच आण्यांत जास्त गुंठे बसतील. दुसरी, त्या तुकड्यात पोटखराबा नाही. पिकाखाली न येणाऱ्या जागेला आकार लागत नाही, पण क्षेत्रात ती मोजली जाते. एकोणीस गुंठ्यांत आठ गुंठे कातळ असला तरी आकार साडेपाच आणेच येईल. शेरा रकाना मी पुन्हा पाहिला. चारही ओळींना कोरा. खराबा असता तर तिथे ‘पो. ख.’ लिहिलं असतं असं मी धरलं आणि २९ व ११ कडे झुकलो.

मग उत्तर लिहायला बसलो. “बहुतेक अकरा” एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण ‘बहुतेक’ हा शब्द फार लबाड आहे. लिहिणारा त्यात शंका ठेवतो आणि वाचणारा ती वगळून वाचतो. गवंड्याला आगाऊ देऊ पाहणारा तर नक्कीच वगळतो. टक्क्यांत लिहिणंही मला रुचत नाही. त्र्याहत्तर टक्के म्हटलं की मोजपट्टी लावल्याचा आव येतो. आमच्याकडे सोळा आणे खरं म्हणायची रीत आहे, आणि कागदही आण्यांचाच, म्हणून मी आण्यांत लिहितो. सोळा आणे म्हणजे मी सही करीन. बारा आणे म्हणजे अशा चार कागदांत एकदा मी चुकलेला असेन. आठ आणे म्हणजे छापा-काटा. पाठवलेलं उत्तर असं होतं :

“एकूण क्षेत्र १ एकर ३० गुंठे : सोळा आणे. आकड्यात आणि अक्षरी दोन्हीकडे आहे.

पहिला हिस्सा १४, चौथा १६ : सोळा आणे.

आजोबांचा हिस्सा ११ किंवा १९. मधल्या आजोबांचा त्याप्रमाणे २९ किंवा २१. दुसरा पर्याय नाही. हा आकडा मी फोटोत वाचलेला नाही, फोटोत तो दिसत नाही. आकाराच्या हिशेबावरून ११ असावा असं वाटतं : बारा आणे.

आजोबांच्या जमिनीचा प्रकार : वाचता येत नाही. आकाराची बेरीज : कागद फाटला आहे.

शेरा रकाना कोरा : सोळा आणे.

या उत्तरावर गडगा घालू नका. फरक आठ गुंठ्यांचा आहे, म्हणजे ८,७१२ चौरस फुटांचा. दिवसा उजेडात नवा फोटो काढा, अ‍ॅपमधून काढू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तोवर भूमी अभिलेख कार्यालयातून त्या सर्व्हे नंबरच्या आकारबंदाची, म्हणजे क्षेत्र आणि आकाराच्या सरकारी नोंदीची, नक्कल मागा.”

मुलाचा लगेच फोन. “काका, बारा आणे म्हणजे अकराच ना?” मी म्हटलं, नाही, बारा आणे म्हणजे बारा आणे. तो थोडा नाराज झाला. त्याने माझा निरोप दुसऱ्या एका जाणत्या माणसाला दाखवला, त्यांनीही तोच फोटो पाहून अकरा सांगितलं. “आता दोघं झाले,” मुलगा म्हणाला. दोघं कुठले? फोटो एकच. त्यात ९ चा १ झालेला असेल तर तो दहा जणांना १ च दिसेल. दुसरा वाचक तेव्हाच दुसरा, जेव्हा त्याच्यापुढे दुसरी प्रत असते.

इथे थोडं विषय सोडून. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की एका कॉपियरमधून स्कॅन केलेल्या घराच्या नकाशावर खोल्यांची क्षेत्रफळं बदललेली येताहेत. वेगवेगळ्या आकाराच्या तीन खोल्या, तिघींवर छापलेला आकडा एकच. फाइल लहान व्हावी म्हणून ते यंत्र एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे एकदाच साठवत होतं आणि इतर ठिकाणी तोच तुकडा चिकटवत होतं. मजा अशी की चुकीचे आकडे अगदी ठळक, स्वच्छ होते. पुसट आकडा निदान सांगतो की मी पुसट आहे. म्हणून ‘साफ केलेला’ फोटो आला की मी आधी न साफ केलेला मागतो. या वेळी तो मागूनही मिळाला नाही, चुलत भावाने फोनमधून काढून टाकला होता.

जुलैत पाऊस, घर बंद, ट्रंक आत. चतुर्थीला सगळे चाकरमानी गावी आले तेव्हा मलाही आरतीला बोलावलं होतं. त्या मुलाची चुलत आजी, ऐंशीच्या पुढची, पडवीत बसली होती. मी सहज विचारलं, काकी, तो धाकट्यांचा तुकडा कसा हो? पेरायचे का तिथे?

“खंय पेरतलंस?” ती म्हणाली. “थंय अर्धो कातळच. खालच्या बाजूक काय तो थोडो भात.”

मी म्हटलं, मग आकार कमी बसला असेल.

“कातळाचो आकार कोण देतलो?”

माझ्या बारा आण्यांतले चार-पाच आणे तिथल्या तिथे गळाले. आणि लाजही वाटली. देवगडात बसून, जिथे कातळाशिवाय दुसरं काही बघायला मिळत नाही तिथे, मी पोटखराब्याची शक्यता कोपऱ्यात ढकलली होती. आज त्याच कातळात सुरुंग लावून खड्डे काढतात आणि हापूसची कलमं लावतात. त्यामुळे तो कुणाला ‘खराब’ वाटतच नाही. १९५३ च्या कागदाला मात्र तो खराबच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद खळ्यात आणला. ऊन डोक्यावर यायच्या आत, उजेड एका बाजूने पडेल असा ठेवला, घडी हाताने न दाबता कडेला चार खडे ठेवून सपाट केली. फोटो पूर्ण पानाचा एक आणि घडीजवळचा वेगळा एक. पूर्ण पानाच्या फोटोतच मिलिमीटरला अकरा पिक्सेल मिळाले, म्हणजे आकड्याला तेहेतीस. पहिल्यांदा तारखेकडे गेलो. १९५३ मधला ९ आता वेगळा दिसत होता, गाठीजवळची आकडी स्पष्ट. मग घडीकडे. दुसऱ्या ओळीत २१. आकार दहा आणे सहा पै. तिसऱ्या ओळीत १९, आकडीसकट.

आणि शेरा रकान्यात, तिसऱ्या ओळीपुढे, शिसपेन्सिलीने अगदी फिकं : “पो. ख. ८”.

मी बारा आणे म्हटलेला आकडा चुकला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. चारातून एकदा चुकणार हे त्यातच लिहिलं होतं. कातळ विचारात घेतला असता तर मी आठ-नऊ आणेच म्हणायला हवं होतं, एवढी चूक आहे. खरी चूक वेगळ्या ओळीत होती, जिथे मी बिनधास्त लिहिलं होतं : शेरा रकाना कोरा, सोळा आणे. जो फोटो शाईतल्या आकड्याची आकडी टिकवू शकत नाही, तो शिसपेन्सिल काय टिकवणार? अ‍ॅपने ती फिकी अक्षरं पांढऱ्यात ढकलली होती. पुसट आकड्याबद्दल मी शंका घेतली कारण तिथे काहीतरी दिसत होतं. कोऱ्या जागेबद्दल शंका आलीच नाही, कारण तिथे शंका घ्यायलाही काही नव्हतं. आणि बारा आण्यांचा सगळा भार त्या कोऱ्या रकान्यावर टाकला होता.

तेव्हापासून मी ‘कोरं आहे’ असं लिहीत नाही. ‘या फोटोत काही दिसत नाही’ असं लिहितो, आणि पुढे आणे घालतो. त्याआधी बघतो की याच फोटोत दुसरीकडे कुठे फिकं लिखाण, शिक्क्याची कड, कागदाचा पाणीडाग असं काही टिकलंय का. या फोटोत डाग एकही नव्हता. ट्रंकेतल्या सत्तर वर्षांच्या कागदावर डाग नाही, हेच मला खटकायला हवं होतं.

नवं उत्तर मी खळ्यातच लिहिलं. आजोबांचा हिस्सा १९ गुंठे, त्यात पोटखराबा ८ : सोळा आणे, १९ शाईत आणि ८ शिसपेन्सिलीत वाचलं, बेरीज जुळते, आकारही जुळतो. मधल्यांचा २१ : सोळा आणे. गडग्याची रेघ मात्र या कागदावरून काढायची नाही, त्याला मोजणी लागेल. कागदात किती आहे हे मी सांगू शकतो, जमिनीवर कुठे आहे ते नाही.

मुलगा शेजारी उभा होता. त्याने भोकावर बोट ठेवलं. “आणि हे भरड ना काका? आठ वजा केले की अकरा राहतात, अर्ध्या आण्याने साडेपाच. मग भरडच झालं.”

हिशेबाने भरडच येत होतं. मी नव्या फोटोत ते भोक पुन्हा पाहिलं, आधीइतकंच भोक, कडेला तोच एक ‘र’. उत्तराच्या शेवटच्या ओळीत लिहिलं : “जमिनीचा प्रकार : भरड, हिशेबावरून, चौदा आणे. कागदावर ‘र’ एवढंच वाचता येतं.”